गल्लीकडच्या खांबांचा बाक

निपाणीत आमच्या वस्तीच्या सभागृहात बाल्कनी ठेवायची की काढायची यावरून भांडण लागलं, तेव्हा मी बेळगावात एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात नोकरीला होतो. राहायला शहापूरला. खाली हातमाग, वर माझी खोली. सभागृहाचं डिझाइन आमच्याच ऑफिसातून गेलं होतं, कारण मीच ते काम आणलं होतं. वस्तीतला मी पहिला इंजिनिअर. त्यामुळं त्या इमारतीच्या प्रत्येक विटेबद्दल लोक मला विचारत. उत्तर मला ठाऊक असणारच असं ते धरून चालत.

सभागृह साधंच होतं. लांबट हॉल, दोन्ही लांब बाजूंना खांबांच्या रांगा, वर स्लॅब. एका टोकाला व्यासपीठाची भिंत, दुसऱ्या टोकाला जिन्याची. या दोन्ही भिंती काँक्रीटच्या होत्या, चांगल्या जाड. दोन्ही बाजूंच्या खांबांना मध्यावर धरून अरुंद बाल्कनी जाणार होती, एका टोकाच्या भिंतीपासून दुसऱ्या टोकाच्या भिंतीपर्यंत. खांब मात्र बारीक. भिंतीतून बाहेर डोकावू नयेत म्हणून हॉलच्या बाजूनं त्यांची जाडी नऊच इंच ठेवलेली.

बाल्कनी नको असं पहिल्यांदा म्हणाली माझी आक्का. माझी थोरली बहीण तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आणि वस्तीतल्या बायका तिचं ऐकायच्या. समितीच्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "माडीवर कोन बसनार हाय? आमीच न्हवं? बाप्ये खाली आन् बायका वर, हेच हुनार. आमास्नी वर न्हाय बसायचं. आमी खाली, म्होरं बसनार."

समितीचे आप्पा निवृत्त शिक्षक होते. घसा खाकरून ते म्हणाले, "तसं कोण म्हणालंय, आक्का?"

"म्हनलं न्हाय, पर बसिवनार तसंच."

ते खरंच होतं. शिवाय तेव्हा सिमेंट सरकारी परमिटवर मोजूनच मिळायचं आणि मिळालेल्या पोत्यांत बाल्कनीसकट सगळं बसेल की नाही याची आप्पांना धास्ती होती. त्यामुळं ठराव सहज झाला. बाल्कनी काढायची. खांब बाल्कनीच्या उंचीपर्यंत ओतून झाले होते. वरून सळ्या उभ्या होत्या. ठेकेदारानं विचारलं, "मग मधी न थांबता सरळ छतापातुर नेऊ का खांब?" आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, सरांना विचारून सांगतो.

सर म्हणजे आमच्या ऑफिसचे मालक. घरी कानडी बोलायचे, माझ्याशी मराठी. शांत माणूस. मी त्यांना सगळं सांगितल्यावर ते ड्रॉइंगवर वाकले आणि म्हणाले, "दोन्ही टोकांना काँक्रीटच्या भिंती आहेत. वरचा स्लॅब त्यांना बांधलेला आहे. खांबाचं डोकं बाजूला सरकू शकत नाही. म्हणजे डुलण्याचा प्रश्न नाही. काढा बाल्कनी." मग थोडं थांबून म्हणाले, "पण खांबाची मोकळी उंची दुप्पट झाली. एकदा आकडे करून बघ. नियमाप्रमाणे."

बारीक आणि उंच खांबाला वरून वजनच नव्हे, तर वाकवणारा जोरही येतो. त्याला आम्ही मोमेंट म्हणतो. छताचं बीम वजनानं मध्ये झुकलं की त्याचं टोक वळतं आणि खांबाच्या माथ्याला पीळ बसतो. त्यानं खांब जरा बाक घेतो. मग वरचं वजन त्या बाकावर काम करतं, मोमेंट वाढतं, बाक आणखी वाढतो. खांब पुरेसा ताठ असला तर हे वाढणं एका ठिकाणी थांबतं. किती वाढून थांबेल त्याचं एक अमेरिकन सूत्र आमच्या ऑफिसात वापरायचे. मूळ मोमेंटला त्या सूत्रातून येणाऱ्या आकड्यानं गुणायचं. खांबावरचं वजन हे त्याला कोलमडवणाऱ्या वजनाच्या जितका भाग असेल, तो एकातून वजा करून उरतं ते सूत्रात खाली असतं. वर असतो एक आकडा, खांबाच्या दोन टोकांचे मोमेंट एकमेकांशी कसे आहेत त्यावर ठरणारा.

मोकळी उंची दुप्पट झाली की कोलमडवणारं वजन चौथाईवर येतं. बाल्कनीसकट हिशेब केला होता तेव्हा वाईटात वाईट धरलं तरी मोमेंट जेमतेम सातव्या हिश्शानं वाढत होतं. आता खांब बावीस फूट मोकळा. त्याच्यावर येणारं वजन, सगळे सुरक्षिततेचे गुणक धरून, कोलमडवणाऱ्या वजनाच्या निम्म्यावर आलं होतं. म्हणजे सूत्राच्या खाली अर्धा. वर एक आला तर मोमेंट दुप्पट. वर पॉइंट चार आला तर गुणाकार एकपेक्षा कमी, मग नियमानं एकच धरायचा, म्हणजे वाढ काहीच नाही.

सगळा खेळ त्या वरच्या आकड्यावर आला. आणि तिथंच मी अडकलो.

हॉलच्या दोन रांगा सारख्या नव्हत्या. शेताकडच्या बाजूला जागा मोकळी होती, तिथं खांब आपापल्या पायाच्या मधोमध उभे होते. दुसरी बाजू गल्लीला लागून. हद्दीच्या बाहेर पाया काढता येत नव्हता, म्हणून तिथं खांब पायाच्या बाहेरच्या कडेवर उभा आणि पाया सगळा आतल्या बाजूला पसरलेला. त्यामुळं दोन्हीकडच्या खांबांच्या बुडाला येणारे मोमेंट वेगळे.

मी सूत्रात आकडे घातले. शेताकडच्या रांगेत मोमेंट दीडपटीच्या वर गेलं. गल्लीकडच्या रांगेत वाढ शून्य. मला हे पटेना. पायाच्या कडेवर उभा असलेला खांब ठणठणीत आणि मधोमध उभा असलेला अशक्त, हे कसं? दुसऱ्या दिवशी चिन्हं नीट लावून पुन्हा केलं. आता उलटं आलं. शेताकडचे खांब बरे, गल्लीकडच्या खांबांत मोमेंट दुप्पट.

मी दोन्ही कागद सरांपुढं ठेवले.

"यातलं बरोबर कुठलं?" त्यांनी विचारलं.

"तेच कळत नाही, सर."

सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी लावले. मग त्यांनी स्वतः करायला घेतलं. त्यांचं पहिलं उत्तर माझ्या पहिल्या कागदासारखं आलं. ते खोडून पुन्हा केलं, तर दुसऱ्यासारखं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चहा सांग."

चहा आला. मी धीर करून विचारलं, "सर, तुम्हीच म्हणालात ना, वरचं डोकं सरकत नाही. मग मोमेंट वाढतंच कसं? एकाही रांगेत का वाढावं?"

"तेही बरोबर आहे," ते म्हणाले, आणि कपाकडं बघत बसले. त्यांना उत्तर ठाऊक नसावं असं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि ते मला आवडलं नाही. घाबरल्यासारखं झालं. निपाणीत ठेकेदार सळ्या धरून थांबला होता. परमिटचं सिमेंट पडून राहिलं तर त्याचे गोळे होतील म्हणून आप्पा काळजीत होते. मी तिकडं जाऊन काय सांगणार होतो?

तरी गेलो. सकाळच्या एसटीनं. थांबायला तर सांगायलाच हवं होतं. साइटवर आप्पा, ठेकेदार आणि आक्का उभे होते. आक्का वखारीत जाता जाता आली होती. तिच्या पदराला तंबाखूचा वास येत होता.

मी म्हणालो, "दोन दिवस काम थांबवा. खांबांचा हिशेब जुळत नाही."

"कुठल्या खांबांचा?" ठेकेदारानं विचारलं.

"एका रांगेच्या."

"कुठल्या रांगेच्या?"

मी दोन्ही रांगांकडं पाहिलं. मग म्हणालो, "तेच बघायचंय."

ठेकेदार हसला नाही, पण दुसरीकडं बघायला लागला. आप्पा म्हणाले, "म्हणजे डिझाइन चुकलंय का?"

"नाही. बाल्कनी होती तेव्हा बरोबर होतं. बाल्कनी खांबाला मध्ये धरत होती. ती काढली की..."

"की?"

"की कदाचित चालणार नाही. एका बाजूला."

आक्का इतका वेळ ऐकत होती. ती पुढं आली. "म्हंजी माडी घालाय लागनार?"

"नक्की नाही, आक्का."

"नक्की काय हाय मग तुझं? येवढा शिकलास, बेळगावात ऱ्हातोस, आन् धड व्हय म्हनत न्हाईस, धड न्हाय म्हनत न्हाईस." तिचा आवाज चढला. "आमी भांडून माडी काढली. आता तूच येऊन म्हनतुयास, ऱ्हावू दे. ह्ये तुला कुनी शिकिवलं? ह्या आप्पांनी?"

"मी काय शिकवणार त्याला?" आप्पा म्हणाले. तेही गोंधळले होते.

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. खांब सरळ दिसतो पण तो जरा वाकतोच, मग वरचं वजन त्या वाकण्याला आणखी वाकवतं, असं काहीतरी बोललो. मधेच माझं मलाच कळेना, की डोकं सरकत नाही तर वजन वाकवतं कुठं. मी थांबलो. मग रागावण्याऐवजी तिनं हळूच विचारलं, "जेवलास का रं?" त्यानं मला जास्तच वाईट वाटलं.

संध्याकाळी ऑफिसात परत आलो तर सर थांबले होते. टेबलावर कागद नव्हते. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची फूटपट्टी होती.

"बस," ते म्हणाले. "धर ही. एक टोक खाली टेबलावर, दुसरं वर तुझ्या बोटांत. तुझा हात बाजूला सरकवायचा नाही. तो म्हणजे स्लॅब आणि भिंती."

मी धरली.

"आता वरून दाब."

मी दाबलं. पट्टी मध्ये फुगली. हात जागचा हलला नव्हता, टेबल तर हलणार नव्हतंच. वरचं टोक खालच्या टोकाच्या बरोबर वर होतं, तरी पट्टीचं पोट बाहेर आलं होतं. मी पाहतच राहिलो. इतकी साधी गोष्ट. भिंती डोकं धरून ठेवतात, पोट नाही. डोलणं थांबलं म्हणजे फुगणं थांबत नाही. फरक इतकाच, की हे वाढणं टोकाला होत नाही, मध्यावर होतं.

"हे मी त्या दिवशी विसरलो होतो," सर म्हणाले. "इमारत डुलत नाही म्हटलं आणि पुढचा विचारच केला नाही. आता शेताकडचा खांब कर. छताचं बीम आत झुकतं. माथ्याला पीळ बसतो, माथ्याखालचा खांब बाहेर ढकलला जातो. बूड जमिनीत घट्ट आहे. ते वळत नाही."

मी वरचं टोक पिळलं, खालचं ताठ धरलं. पट्टी वर एका बाजूला आणि बुडाशी जराशी दुसऱ्या बाजूला वळली, उभ्या नागमोडी रेषेसारखी. दोन बाक, उलटसुलट.

"दाब."

दाबलं. फारसं काही झालं नाही. एक बाक दुसऱ्याला आवरत होता.

"आता गल्लीकडचा. तिथं पाया काय करतो?"

मी विचार केला. खांबाचं वजन पायाच्या बाहेरच्या कडेवर. माती मात्र आतल्या अंगाला खालून वर ढकलते. म्हणजे पायाची बाहेरची कड खाली बसू पाहते, सगळा पाया बाहेरच्या अंगाला कलू पाहतो. त्याच्याबरोबर खांबाचं बूडही कलतं, आणि बुडावरचा खांब बाहेर जातो. वर बीमही त्याला बाहेरच ढकलतंय. मी दोन्ही टोकं तशी पिळली. पट्टीला एकच बाक आला, धनुष्यासारखा, गल्लीच्या बाजूला पोट काढून.

"दाब," सर म्हणाले.

मी अजून नीट दाबलंही नव्हतं, तोवर पट्टी बोटांतून सटकून जमिनीवर पडली.

आम्ही दोघंही हसलो. मग सरांनी ती उचलली आणि कागदावर दोन बाण काढले. आमचा घोटाळा चिन्हांचा होता. फ्रेमचा हिशेब करताना आम्ही टोकांचे मोमेंट घड्याळाच्या दिशेला अधिक, उलट दिशेला उणे असे मोजत होतो. त्या रीतीत नागमोडी खांबाची दोन्ही टोकं एकाच चिन्हाची येतात आणि धनुष्यासारख्या खांबाची विरुद्ध चिन्हांची. सूत्राला मात्र घड्याळाशी देणंघेणं नव्हतं. ते विचारत होतं, बाक एक आहे की दोन. एक असेल तर अधिक, दोन असतील तर उणे. आम्ही घड्याळाची चिन्हं तशीच सूत्रात घातली, की दोन्ही रांगांची उत्तरं अदलाबदल होऊन बाहेर पडत. म्हणून पायाच्या कडेवरचा खांब ठणठणीत दिसला होता.

माझा दुसरा कागद बरोबर होता. शेताकडच्या रांगेतून बाल्कनी काढायला हरकत नव्हती. गल्लीकडच्या रांगेत मोमेंट दुप्पट होत होतं आणि नऊ इंचाच्या खांबातल्या सळ्या त्याला पुरणार नव्हत्या.

"तू बरोबर केलंस, मग माझ्याकडं का आणलंस?" सरांनी विचारलं.

"दोन्ही कागद माझेच होते, सर. बरोबर कुठला ते मला कुठं ठाऊक होतं?"

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. म्हणाले, "मलाही नव्हतं."

आता काय करायचं? खांब वरच्या अर्ध्यात जाड करता आला असता, पण खालचा अर्धा ओतून झाला होता आणि तोही त्याच बाकात येत होता. पाया मोडून नव्यानं करणं शक्य नव्हतं. राहिला एकच उपाय. गल्लीकडच्या बाजूला बाल्कनी मूळ ड्रॉइंगप्रमाणे ठेवायची. ती अरुंद असली तरी आडव्या जोरापुढं रुंद पट्टीसारखी ताठ होती, दोन्ही टोकांच्या भिंतींना बांधलेली, आणि ती खांबांचं पोट धरून ठेवणार होती.

सर स्वतः माझ्याबरोबर निपाणीला आले. त्यांनी आप्पांना आणि ठेकेदाराला तीच पट्टी दाबून दाखवली. ठेकेदारानं स्वतः दाबून बघितली आणि म्हणाला, "म्हंजी गल्लीकडं माडी, शेताकडं न्हाय. बरं हाय की." त्याला एकदा काय करायचं ते कळलं की पुरे होतं.

आक्का मात्र बैठकीत उभीच राहिली. "एका बाजूची माडी. आता तर आनीकच सोपं. बायकांस्नी तिकडं बसवा, गल्लीच्या अंगाला."

आक्काची बोली सरांना नीट कळेना. ते माझ्याकडं वळले आणि हळूच म्हणाले, "या काय म्हणतायत?" मी सांगितलं. त्यांना हा पैलू अजिबात ठाऊक नव्हता. बाल्कनीचं वजन, लांबी, सळ्या सगळं त्यांना माहीत होतं, पण तिच्यावर कोण बसणार यावरून भांडण झालंय, हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. का, ते मलाही कळत नाही. मला ते हिशेबाचा भाग वाटलं नसावं.

बैठकीत गोंधळ झाला. कुणी म्हणालं माडीवर कार्यालय करा, कुणी म्हणालं सामान ठेवा. आप्पांना घामच फुटला. मी बोलायला उभा राहिलो आणि काय बोलावं ते सुचेना. खांबांबद्दल आता मला सगळं कळलं होतं आणि इथं मी पुन्हा तसाच उभा होतो. शेवटी आक्काच म्हणाली, "माडी बांदायचीच आसंल तर तिथं पोरांच्या अभ्यासाला बाकडी घाला, गल्लीच्या भिंतीकडं त्वांड करून. कायमची. हलवायची न्हाईत. म्हंजी सभंला कुनी तिथं बसाय जाऊच शकनार न्हाय."

आप्पांनी लगेच ठराव लिहून घेतला. सरांना तो कानडीत समजावून सांगितला कुणीतरी. त्यांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "बाकड्यांचं वजन धरायला पाहिजे."

"बसेल, सर. मूळ हिशेबात माणसांची गर्दी धरली होती."

"तरी बघ."

मी बघितलं. बसत होतं.

सभागृह पूर्ण झालं ते एका बाजूला बाल्कनी आणि एका बाजूला सरळ भिंत असं. बाहेरगावचे लोक यायचे तेव्हा विचारायचे, काम अर्धवट राहिलं का? सिमेंट संपलं का? आप्पा म्हणायचे, "तांत्रिक कारण आहे," आणि विषय बदलायचे. बाकडी खरोखरच फरशीत रोवून घातली होती.

पहिल्या सभेला मी बेळगावहून आलो. हॉल भरला होता. बायका पुढं, पहिल्या काही रांगांत. आक्का अगदी मध्ये. तिनं मला बोलावून शेजारी बसवलं आणि वर गल्लीच्या बाजूला पाहत म्हणाली, "आता ते खांब पडत न्हाईत न्हवं?"

"नाही, आक्का."

"कशावरनं?"

मी सुरुवात केली. सांगितलं, की बाल्कनी त्यांना मध्ये धरते, म्हणून मोकळी उंची निम्मी झाली, म्हणून वजन त्यांना फार वाकवू शकत नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिनं समोरच्या शेताकडच्या रांगेकडं बोट दाखवलं. तिथं खांब खालून वरपर्यंत मोकळे होते. "आन् त्यास्नी कोन धरतंय?"

"ते दोन ठिकाणी वाकतात. उलटसुलट."

"दोन ठिकानी वाकलेला बरा, आन् एका ठिकानी वाकलेला वाईट?"

"व्हय."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मलाच क्षणभर शंका आली. मी मनातल्या मनात पुन्हा एकदा बीम झुकवलं, पाया कलवला. तेवढ्यात आप्पा माईकसमोर आले, आणि आक्कानं माझ्या गुडघ्यावर थाप मारून मला गप्प केलं.